कॅम्पससाठी ॲरे आणि स्ट्रिंगचे प्रश्न: कुठल्या क्रमाने सोडवावेत?

बिंदू_चौक

नमस्कार मंडळी. कोल्हापुरातल्याच एका इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सुट्टी संपली की कॅम्पस सुरू होईल. ॲरे आणि स्ट्रिंगवरचे प्रश्न रोज सोडवतोय, पण साइटवर जो समोर येईल तो. उत्तर वाचलं की सगळं कळतं, आणि प्रश्नात एक अट इकडची तिकडे झाली की हात थांबतो.

परवा एका सीनियर दादाने मॉक घेतला. "सगळ्या संख्या धन आहेत, सलग तुकड्याची बेरीज बरोबर S होते का ते शोध." हे लिहिलं. मग तो म्हणाला, "आता ऋण संख्याही येतील. तुझं हेच चालेल का?" यावर मला हो पण म्हणता येईना आणि नाही पण.

तर प्रश्न असा, की सोप्यापासून अवघडापर्यंत नीट लावलेला संच कुणी देईल का? ढीगभर नकोत. कशानंतर काय आणि का, हे कळलं तरी पुरे. भाषा जावा.

गुळाची_ढेप

भावा, आमच्या वेळी कॅम्पसला एकच प्रश्न असायचा. "पुण्याला यायला तयार आहात का?" हो म्हटलं की झालं.

(बसतोय इथेच. जाणकार येऊ देत.)

शाहूपुरी_काकू

माझा मुलगा सिव्हिलला दुसऱ्या वर्षाला आहे. त्यालाही हे ॲरे वगैरे करावं लागेल का? राजारामपुरीत एक क्लास आहे म्हणे, तिथे घालावं का? फी किती असते कुणाला माहीत आहे का?

दाजीपूर

काकू, सिव्हिलच्या कंपनीत जायचं असेल तर काही गरज नाही. सॉफ्टवेअरवाल्यांनी सगळ्या शाखांना बोलावलं आणि त्याला जायचं असेल, तरच. त्यालाच विचारा आधी.

बिंदू_चौक, तुलाही एक सांगतो. आपल्याकडे येणाऱ्या बऱ्याच कंपन्या शेकड्याने मुलं घेणाऱ्या. तिथे ॲप्टिट्यूडमध्येच निम्मी गळतात. कोडिंगला दोन सोपे प्रश्न. ऋण संख्या आणि धन संख्या करत बसण्यापेक्षा टक्केवारी आणि वेळ-काम-वेग पक्कं कर.

मिरज_जंक्शन

दाजीपूर यांच्याशी अर्धा सहमत. पण कोडिंग हवंच.

माझा साधा नियम सांगतो. लूपच्या आत लूप आला की `O(n²)`, म्हणजे उत्तर नापास. तुझ्या त्या धन संख्यांच्या उत्तरात `for` च्या आत `while` असणार, ते आधी काढून टाक. सरळ हॅशमॅप वापर. धन असो, ऋण असो, हॅशमॅप सगळीकडे चालतो. मग दोन दोन पद्धती शिकायच्या कशाला?

वाडी_रत्नागिरी

मी मूळची कोल्हापूरची, आता पुण्यात असते. कॅम्पस मुलाखती घेण्याचं काम दरवर्षी माझ्याकडे येतं, म्हणून सविस्तर लिहिते.

बिंदू_चौक, तुझ्या सीनियरने जे केलं तेच आम्ही करतो. पहिला प्रश्न ओळखीचाच देतो आणि तो सुटला की एक अट बदलतो. पाठ केलेलं उत्तर कुठे संपतं ते तिथे दिसतं. त्यामुळे सराव करतानाही प्रत्येक पायरीवर तीन गोष्टी कर. एक ॲरेचा प्रश्न, त्याच कल्पनेचा स्ट्रिंगवरचा प्रश्न, आणि मग स्वतःच एक अट बदलून आपलं उत्तर कुठे मोडतं ते बघणं. तिसरी गोष्ट कुठल्या साइटवर मिळत नाही.

पहिली पायरी: एकाच फेरीत उत्तर. ॲरेतली दुसरी मोठी संख्या काढ, सॉर्ट न करता. सोपं वाटतं, पण `[7,7,5]` ला उत्तर 5 यायला हवं, `[4,4]` ला उत्तरच नाही, आणि सुरुवातीला `max = 0` धरलंस तर `[-3,-8]` ला सगळं चुकतं. स्ट्रिंगमधला जोडीदार: पहिलं न-दुहेरी अक्षर शोध. इथे दोन फेऱ्या लागतात, एक मोजायला आणि एक शोधायला. तेवढ्याने काही बिघडत नाही.

दुसरी पायरी: जागच्या जागी बदल. `[0,5,0,3]` मधली शून्यं शेवटी ढकल, बाकीच्यांचा क्रम न मोडता. एक पॉइंटर वाचतो, दुसरा मागून लिहीत येतो. जोडीदार: `aaabb` चं `a3b2` कर, त्याच `char[]` मध्ये. इथे अट बदलून बघ. एकदाच आलेल्या अक्षरापुढेही 1 लिहायचा असेल तर? `abc` वर चालव. `a` नंतर 1 लिहायला गेलास की अजून न वाचलेला `b` पुसला जातो. लिहिणारा वाचणाऱ्याच्या पुढे गेला. हे एकदा कागदावर बघितलंस की ही पद्धत कुठवर चालते ते कुणी सांगायला नको.

तिसरी पायरी: दोन्ही टोकांकडून. सॉर्ट केलेल्या ॲरेत बेरीज X होणारी जोडी. जोडीदार: विरामचिन्हं सोडून पॅलिंड्रोम आहे का. कोड पाच ओळींचा आहे, पण मी "डावा पॉइंटर पुढे का नेलास?" असं विचारते. उत्तर असं, की डावीकडची संख्या उरलेल्यांतल्या सगळ्यात मोठीबरोबरसुद्धा कमी पडतेय, म्हणजे ती कुणाबरोबरही X गाठणार नाही. ती कायमची बाद. हे वाक्य ज्याला सांगता येतं त्याला सॉर्ट नसलेल्या ॲरेत हे का चालत नाही तेही आपोआप सांगता येतं.

चौथी आणि पाचवी पायरी म्हणजे तुझाच प्रश्न. जेवून लिहिते.

गुळाची_ढेप

तांबडा-पांढरा असेल तर आज चौथी पायरी येत नाही, सांगून ठेवतो.

निवृत्त_मास्तर

चांगलं लिहिलंय बाईंनी. माझी एक भर. हे सगळं आधी वहीवर करायचं. कॉम्प्युटर उघडायचा नाही. आजची मुलं कोड लिहितात, चालवतात, चुकला की `<` चं `<=` करून बघतात, परत चालवतात. कधीतरी बरोबर येतं आणि का आलं ते त्यांना माहीत नसतं. वहीत ॲरे लिहायचा, खाली पॉइंटरचे बाण काढायचे आणि प्रत्येक फेरीला खोडून पुढे न्यायचे. मी पंचवीसेक वर्षं असंच शिकवलं.

हातकणंगले_लोकल

सर, वही ठीक आहे, पण ऑनलाइन टेस्टला वही तपासत नाहीत. माझंच सांगतो. मी इलेक्ट्रॉनिक्सचा. पहिल्या टेस्टला लॉजिक बरोबर, समोर दिलेले दोन्ही नमुने पास, आणि लपवलेल्या टेस्ट केसमध्ये पाच-सहा फेल. घरी येईपर्यंत कळलं नाही का. नंतर एका मित्राच्या लॅपटॉपवर बघितलं. बेरजेला `int` घेतला होता. संख्या एक लाख, प्रत्येक संख्या एक लाखापर्यंत. म्हणजे बेरीज 1000 कोटींपर्यंत जाणार आणि `int` थांबतो 214 कोटींवर. जावा एरर देत नाही, गुपचूप चुकीचा आकडा दाखवते, कधी ऋणसुद्धा. `long` केलं की झालं असतं.

म्हणून प्रश्न वाचताना मी आता सगळ्यात खालची ओळ आधी वाचतो, जिथे n किती आणि संख्या किती मोठी ते दिलेलं असतं.

बिंदू_चौक

@वाडी_रत्नागिरी ताई, खूप आभार. `abc` वालं करून बघितलं, खरंच `b` गेला.

@मिरज_जंक्शन दादा, माझ्या उत्तरात `for` मध्ये `while` आहे हे बरोबर. पण साइटवर ते `O(n)` मध्ये पास होतंय. मग?

मिरज_जंक्शन

साइटवरच्या टेस्ट लहान असतील. लूपमध्ये लूप म्हणजे n गुणिले n. हे पहिल्या वर्षाला शिकवतात.

वाडी_रत्नागिरी

जेवण झालं. (साधी आमटी होती, @गुळाची_ढेप.)

आधी लूपचं. आतला `while` दर वेळी पहिल्यापासून सुरू होत असेल तर मिरज_जंक्शन म्हणतात ते खरं. पण इथे तसं होत नाही. डावा पॉइंटर फक्त पुढे जातो, मागे कधीच येत नाही. संपूर्ण कार्यक्रमात तो जास्तीत जास्त n पावलं चालणार आणि उजवाही n. मिळून 2n. एखाद्या फेरीत `while` खूप वेळा फिरेल, पण मग पुढच्या फेऱ्यांत काढायला काही उरलेलं नसेल. तेव्हा किती लूप एकात एक आहेत ते मोजू नका, पॉइंटर एकूण किती चालला ते मोजा.

चौथी पायरी: सरकती खिडकी. आधी ठराविक मापाची कर. सलग k संख्यांची सगळ्यात मोठी बेरीज. मग बदलत्या मापाची, म्हणजे तुझा प्रश्न.

`[2,4,1,6,3]` आणि S = 11 घे. उजवीकडून घेत जा: 2, मग 6, मग 7, मग 13. जास्त झालं, डावीकडचा 2 काढ, उरले 11. सापडलं: 4, 1, 6.

आता 2 काढताना आपण मनात काय म्हणालो ते बघ. "2 पासून सुरू होणारा तुकडा आता 13 झालाय, पुढे आणखी संख्या घेतल्या तर वाढतच जाणार, 11 वर परत येणार नाही. म्हणून 2 कायमचा बाद." तिसऱ्या पायरीवरचंच कारण हे. आणि ते उभं आहे "वाढतच जाणार" या दोन शब्दांवर. संख्या धन असल्यामुळेच ते खरं आहे.

आता ऋण आण. `[5,4,-3,2]`, S = 6. खिडकी चालव. 5 घेतले. 4 घेतले, 9 झाले, जास्त म्हणून 5 काढले, उरले 4. मग -3, झाला 1. मग 2, झाले 3. ॲरे संपला, "नाही" असं उत्तर. आणि प्रत्यक्षात 5 + 4 - 3 = 6 समोर आहे! आपण 5 ला बाद केलं तेव्हा बेरीज परत खाली येऊ शकते हे गृहीतच धरलं नव्हतं. तुझ्या सीनियरला एवढंच ऐकायचं होतं. नवी पद्धत त्याच क्षणी सुचली नाही तरी चालतं. चार आकड्यांचं उदाहरण फळ्यावर मांडून "इथे मोडतं" असं दाखवणाऱ्या मुलाला मी पुढचा इशारा आनंदाने देते.

दाजीपूर

आनंदाने इशारा देणारे मुलाखतकार आम्हाला कधी भेटले नाहीत बुवा.

गुळाची_ढेप

ताई, 5 बाद करून घरी पाठवला आणि नंतर कळलं की तोच मॅच जिंकून देणार होता. आमच्या तालमीच्या टीमचं सिलेक्शन असंच असतंय.

हातकणंगले_लोकल

एक शंका. ऋण नाहीत, पण शून्यं आहेत. मग खिडकी चालते का?

वाडी_रत्नागिरी

@हातकणंगले_लोकल, छान विचारलंत. "आहे का" एवढंच विचारलं आणि S शून्यापेक्षा मोठा असेल तर चालते. बेरीज वाढली नाही तरी कमी होत नाही, एवढं आपल्याला पुरतं. पण "असे किती तुकडे आहेत" असं विचारलं की फसते. `[0,0,5]`, S = 5. तुकडे तीन: नुसता 5, मग 0-5, मग 0-0-5. खिडकीला एकच दिसतो, कारण बेरीज जास्त झाल्याशिवाय ती डावीकडचं काही काढतच नाही.

त्यावर एक सुंदर पळवाट आहे. खिडकीने "बेरीज S किंवा कमी" असे तुकडे मोज, मग "S-1 किंवा कमी" असे मोज आणि वजाबाकी कर. वरच्या उदाहरणात 6 आणि 3, फरक 3. पूर्णांक असतील आणि ऋण नसतील तरच.

पाचवी पायरी आता. ऋण संख्या असताना काय? सुरुवातीपासूनची बेरीज लिहीत जा. `[5,4,-3,2]` साठी 0, 5, 9, 6, 8. कुठल्याही सलग तुकड्याची बेरीज म्हणजे यातल्या दोन आकड्यांची वजाबाकी. मग प्रत्येक ठिकाणी एकच विचारायचं: आत्ताची बेरीज वजा S हा आकडा आधी दिसला होता का? 5 वर -1 हवा, नाही. 9 वर 3 हवा, नाही. 6 वर 0 हवा. हो, सगळ्यात पहिला 0. सापडलं.

```java
Map<Long, Integer> seen = new HashMap<>();
seen.put(0L, 1);
long sum = 0, count = 0;
for (int x : a) {
    sum += x;
    count += seen.getOrDefault(sum - S, 0);
    seen.merge(sum, 1, Integer::sum);
}
```

यात मुलं दोन ठिकाणी अडकतात. `seen.put(0L, 1)` विसरलं तर पहिल्या संख्येपासून सुरू होणारे तुकडे दिसतच नाहीत. आपलं उदाहरण नेमकं तसंच आहे, म्हणून ओळ काढून चालवून बघ. दुसरं, आधी शोधायचं आणि मगच नोंदवायचं. उलट केलं तर `[3]` आणि S = 0 ला उत्तर 1 येतं. आत्ताच लिहिलेली बेरीज स्वतःलाच सापडते आणि रिकामा तुकडा मोजला जातो.

मिरज_जंक्शन, तुमचं म्हणणं इथे बरोबर आहे. "बरोबर S" साठी हॅशमॅप धन-ऋण दोन्हीकडे चालतो.

मिरज_जंक्शन

मग मी वेगळं काय सांगत होतो? सरळ हेच शिकावं. खिडकी कशाला हवी?

वाडी_रत्नागिरी

कारण हॅशमॅपला नेमका आकडा विचारता येतो. "या किमतीचा आहे का?" एवढंच. प्रश्न "बेरीज किमान S होईल असा सगळ्यात लहान तुकडा" असा झाला की काय शोधणार? 9 वर 3 किंवा त्याहून कमी असं काहीतरी हवं, आणि `HashMap` ला "किंवा कमी" कळत नाही. धन संख्या असतील तर खिडकी हे काम सहज करते, आणि जास्तीची जागाही लागत नाही.

मिरज_जंक्शन

`TreeMap` वापरता येईल.

वाडी_रत्नागिरी

धन संख्यांना येईल, `O(n log n)` मध्ये. मुलाखतीत मी ते ऐकून घेईन आणि विचारेन, "याहून कमी वेळात होईल का?"

निवृत्त_मास्तर

`count` ला `long` कशासाठी? n तर एक लाखच म्हणालात.

हातकणंगले_लोकल

सर, सगळी शून्यं आणि S पण शून्य असेल तर प्रत्येक तुकडा मोजला जाणार. एक लाखाचे सलग तुकडे 500 कोटींवर जातात. यावेळी मला माहीत होतं!

निवृत्त_मास्तर

शाबास.

बिंदू_चौक

हे सगळं वहीत काढलं, मास्तरांच्या पद्धतीने. आता स्ट्रिंगचे जोडीदार राहिले. चौथ्या पायरीचा बहुतेक "एकही अक्षर परत न येणारा सगळ्यात लांब तुकडा" हा असणार. तो मी केलाय, प्रत्येक अक्षर शेवटचं कुठे दिसलं ते ठेवून. पण एक टेस्ट फेल होते, इनपुट `abba`. माझं उत्तर 3, हवं 2.

```java
if (last.containsKey(c)) left = last.get(c) + 1;
last.put(c, i);
best = Math.max(best, i - left + 1);
```

हातकणंगले_लोकल

ही टेस्ट सगळ्यांची फेल होते. दुसऱ्या `b` ला `left` 2 वर गेला. मग शेवटचा `a` आला. तो शेवटचा कुठे दिसला? 0 वर. म्हणून तू `left` ला 1 वर आणलास. मागे आणलास! पहिला `a` खिडकीतून कधीच बाहेर गेला होता, त्याच्याशी आता काही देणंघेणं नाही. `left = Math.max(left, last.get(c) + 1)` कर.

वाडी_रत्नागिरी

बरोबर. वर लिहिलं होतं तेच: डावा पॉइंटर मागे येत नाही. आला की उत्तर तरी चुकतं किंवा `O(n)` तरी जातो.

आणि इथे खिडकी का चालते ते पण बघ. तुकड्यात एखादं अक्षर दोनदा असेल तर तो उजवीकडे कितीही वाढवला तरी दुरुस्त होत नाही. "बिघडलं की बिघडलं." धन संख्यांच्या बेरजेसारखंच.

पाचव्या पायरीचा जोडीदार असा घे, ज्यात हे खरं नाही: "प्रत्येक अक्षर किमान k वेळा आलेला सगळ्यात लांब तुकडा." `aaabb`, k = 3, उत्तर 3. इथे तुकडा वाढवल्यावर बिघडतोही आणि आणखी वाढवल्यावर सुधारतोही. ऋण संख्यांचाच हा भाऊ. साधी खिडकी लाव, कुठे डावीकडचं काढायचं तेच ठरवता येत नाही. उत्तर आत्ता सांगत नाही.

गुळाची_ढेप

मी पण एक स्ट्रिंगचा प्रश्न केला. "कोल्हापूर" उलटं करायचं. जावामध्ये `StringBuilder` ला `reverse()` मारला. उत्तर आलं "रूपाह्लोक". गावाचं नाव घालवलं राव.

बिंदू_चौक

😂 मी पण करून बघितलं. असं का होतं पण?

वाडी_रत्नागिरी

कारण जावाला तिथे चार अक्षरं दिसत नाहीत, नऊ दिसतात. क, ओकाराची मात्रा, ल, हलन्त, ह, काना, प, ऊकार, र. हे नऊ उलटे लावले की "पू" चा ऊकार र ला चिकटतो, काना प ला, आणि "ल्ह" मधला हलन्त ल-ह च्या जागी ह-ल जोडतो. आपल्याला हवं होतं "रपूल्हाको". त्यासाठी आधी मात्रा-जोडाक्षरांसकट गट पाडायचे आणि मग गट उलटे करायचे. C++ च्या `std::string` मध्ये UTF-8 असेल तर `size()` तर 27 सांगेल, आणि उलटं केलं तर वाचण्यालायकही राहणार नाही.

कॅम्पसला हे कुणी विचारणार नाही. पण "स्ट्रिंग उलटी कर" म्हटल्यावर "फक्त इंग्रजी अक्षरं धरू का?" असं विचारलंस तर समोरचा खुर्चीत जरा पुढे सरकेल.

दाजीपूर

हे सगळं वाचायला मजा आली, पण माझं मत तेच. पाचवी पायरी आपल्या कॅम्पसला दहातल्या एकालाच लागेल. बाकी नऊ जणांचा वेळ जाईल.

वाडी_रत्नागिरी

नऊ जणांना पहिल्या दोन पायऱ्या तरी धड येऊ देत, असं मीही म्हणेन. `[-3,-8]` वर पडणारी मुलं मला दरवर्षी दिसतात. पण पहिल्या यादीत नाव नसलं तर पुढच्या कंपन्या येतात, आणि त्यातली एखादी पाचवी पायरी विचारते. कोण कुठे बसेल हे आधी कसं ठरवायचं?

दाजीपूर

ते ज्याचं त्याने. मी ॲप्टिट्यूडवरच ठाम.

शाहूपुरी_काकू

मुलाला विचारलं. तो म्हणाला त्याला पूल बांधायचे आहेत. धन्यवाद सगळ्यांना. क्लासच्या फीचं कुणी सांगितलंच नाही पण.

निवृत्त_मास्तर

काकू, मुलगा योग्य मार्गावर आहे. फी वाचली.

मिरज_जंक्शन

बिंदू_चौक, स्ट्रिंग करताना एक सांभाळ. उत्तर तयार करताना लूपमध्ये `ans += c` करू नकोस. जावात दर वेळी अख्खी स्ट्रिंग नव्याने कॉपी होते. एक लाख अक्षरांना ती कॉपी मिळून 500 कोटी अक्षरांच्या घरात जाते. दिसायला एकच लूप, काम `O(n²)` चं. `StringBuilder` वापर.

वाडी_रत्नागिरी

@मिरज_जंक्शन, हे अगदी बरोबर. आणि बघा, लूप मोजून हेही कळलं नसतं.

मिरज_जंक्शन

मान्य. 🙏

बिंदू_चौक

"किमान k वेळा" वाल्यावर अडलोय, पण एक सुचलंय ते बरोबर का सांगा. `aaabb` मध्ये k = 3 आहे आणि `b` अख्ख्या स्ट्रिंगमध्येच दोनदा आहे. म्हणजे ज्या तुकड्यात `b` आहे तो कधीच चालणार नाही. मग `b` जिथे जिथे आहे तिथे स्ट्रिंग तोडायची आणि उरलेल्या प्रत्येक तुकड्याला परत तेच विचारायचं. असं करत गेलो तर?

वाडी_रत्नागिरी

चालेल. तोडल्यावर तुकड्यातले आकडे नव्याने मोजायचे हे विसरू नकोस, कारण आधी तीनदा असलेलं अक्षर तुकड्यात दोनदाच उरलं असेल. `ababacb` आणि k = 3 वर चालवून बघ. `c` वर तोडल्यावर `ababa` मध्ये `b` किती उरले ते मोज.

खिडकीनेही होतं, फक्त तिला आधी एक अट बांधून द्यावी लागते: तुकड्यात वेगवेगळी अक्षरं किती असू द्यायची. ती अट 1 पासून 26 पर्यंत बदलत 26 वेळा खिडकी फिरव. अट बांधल्यावर "बिघडलं की बिघडलं" परत खरं का होतं, ते मात्र तू लिही इथे.

बिंदू_चौक

`ababa` मध्ये `b` दोनच उरले. म्हणजे परत तोडायचं, आणि मग नुसते एकेकटे `a` राहतात. उत्तर 0?

हातकणंगले_लोकल

0 च. मी पण वहीवर काढलं, सरांना सांगा.

बिंदू_चौक

26 वालं उद्या लिहितो. आज रात्री ॲप्टिट्यूडचा पेपर आहे, दाजीपूर दादांनी घाबरवलंय.